शिल्लक डबे आणि दिवाळीचा नफा

(प्रभागसंघाच्या बैठकीत दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या गटांच्या अध्यक्ष, सचिव आणि लेखापाल तायांसमोर क्षेत्रीय समन्वयकांनी केलेलं बोलणं. बैठकीला येता न आलेल्या तायांसाठी ते इथे छापत आहोत.)



आज कर्जाचं नाही बोलणार, हप्त्याचं नाही बोलणार. आज बोलायचंय ते खोलीच्या कोपऱ्यात उरलेल्या मालाबद्दल. तुमच्यापैकी बरेच गट एकत्र खरेदी करतात. कुणी तेलाचे डबे आणतं, कुणी मिरची आणतं, कुणी सरकी पेंडीची पोती उतरवून घेतं आणि मग सभासदांना, गावाला विकतं. हिशोबाला बसलं की विक्री किती झाली ते चटकन सांगता येतं, खरेदी किती झाली तेही बिलं बघून सांगता येतं. अडतं कुठं? “उरलेला माल किती रुपयांचा?” इथं अडतं. एक ताई म्हणते आठराशेचा डबा, दुसरी म्हणते छे, आता बावीसशेच्या वर मिळतो. दोघी खरं बोलत असतात. पण त्या एका आकड्यावर गटाचा नफा कमीजास्त होतो, आणि त्या नफ्यावर वाटप होतं. म्हणून हे नीट समजून घेऊ.

2024 ची दिवाळी आठवा. गणपती बसलेले होते, आणि 14 सप्टेंबरपासून केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेलावर मूळ शुल्क शून्य होतं ते 20 टक्के झालं. रिफाइंड तेलावर साडेबारा टक्के होतं ते साडेबत्तीस टक्के झालं. आपल्या देशात खाद्यतेलाचा मोठा हिस्सा बाहेरून येतो, त्यामुळं ऐन फराळाच्या तोंडावर तेल चढलं. ज्या गटांनी दिवाळीसाठी तेल घेऊन ठेवलं होतं त्यांच्याकडे जुन्या भावाचे डबे होते, नंतर घेतलेले मधल्या भावाचे होते आणि शेवटी घेतलेले चढ्या भावाचे. सगळे एकाच खोलीत, एकावर एक.

आपण एक गट धरू. नाव नको. 15 जणी आहेत. आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेत, बाजाराचा भाव सांगत नाहीये. 1 सप्टेंबरला गटानं 30 डबे घेतले, 1,800 रुपयांनी, झाले 54,000. मग भाव चढला. 20 सप्टेंबरला 20 डबे घेतले 2,100 नी, झाले 42,000. आणि 10 ऑक्टोबरला 10 डबे 2,280 नी, झाले 22,800. एकूण 60 डबे आणि खर्च 1,18,800 रुपये.

विक्री बघा. भाव चढायच्या आधी आणि लगेच नंतर 25 डबे 1,950 नी गेले. पुढचे 20 डबे 2,250 नी. म्हणजे 45 डबे विकले आणि हातात 93,750 रुपये आले. दिवाळी झाली, 15 डबे उरले. आता सांगा, नफा किती?

पैसे आले ते ठरलेले, गेले तेही ठरलेले. नफा काढायला फक्त एक गोष्ट हवी: विकलेले 45 डबे आपल्याला कितीला पडले? आणि तेच दुसऱ्या बाजूनं विचारायचं तर उरलेले 15 डबे कितीचे? कारण 1,18,800 ची वाटणी या दोघांतच व्हायची आहे. एकाकडे जास्त गेलं की दुसऱ्याकडे कमी.

पहिली पद्धत म्हणजे फिफो. सनदी लेखापाल हा शब्द वापरतात. आपल्या भाषेत ‘आधी आलं ते आधी गेलं’. असं धरायचं की सगळ्यात जुने डबे आधी विकले गेले. तर 45 पैकी 30 डबे 1,800 चे, म्हणजे 54,000. राहिलेले 15 डबे 2,100 चे, म्हणजे 31,500. विकलेला माल पडला 85,500 ला. नफा 93,750 वजा 85,500, म्हणजे 8,250. आणि उरलेले 15 कोणते? शेवटच्या खरेदीचे 10 डबे 2,280 चे आणि मधल्या खरेदीचे 5 डबे 2,100 चे. 22,800 आणि 10,500, एकूण 33,300.

इथं एक गफलत फार होते, म्हणून जरा थांबते. काही ठिकाणी शेवटचं बिल काढतात, 2,280, आणि सरळ 15 नं गुणतात. 34,200 येतात. पण 2,280 नी तुम्ही 10 च डबे घेतले होते ना? मग 15 डबे त्या भावाचे कुठून आले? 900 रुपये हवेतून वाढले आणि नफाही 900 नं फुगला. फिफोत शिल्लक मोजताना शेवटच्या बिलापासून मागं यायचं, आणि त्या बिलातले डबे संपले की आधीच्या बिलावर जायचं.

दुसरी पद्धत भारित सरासरी. यात जुने नवे असा भेद करायचा नाही. सगळा खर्च एका ठिकाणी करायचा, सगळे डबे एका ठिकाणी, आणि भागायचं. 1,18,800 भागिले 60, म्हणजे डब्याला 1,980. ‘भारित’ हा शब्द का? तर तीन भावांची नुसती बेरीज करून तिनानं भागलं तर 2,060 येतील, आणि ते चूक. कारण 1,800 च्या भावानं 30 डबे आले आणि 2,280 च्या भावानं फक्त 10. जिथं डबे जास्त तिथं वजन जास्त. भाजीत मीठ मूठभर आणि पाणी तांब्याभर घातलं तर दोघांना सारखं कसं मोजणार?

तर 1,980 नं विकलेले 45 डबे पडले 89,100 ला. नफा 4,650. उरलेले 15 डबे 29,700 चे.

आता दोन्ही शेजारी ठेवा. फिफोनं नफा 8,250, सरासरीनं 4,650. फरक 3,600. शिल्लक मालात बघा: 33,300 आणि 29,700. फरक तोच, 3,600. हा योगायोग नाही. शिल्लक मालाची किंमत जितकी वर धराल तितकाच नफा वर येतो, रुपयाला रुपया. हिशोब तपासायची ही सोपी खूणही आहे. दोन पद्धतींनी काढलेल्या नफ्यातला फरक आणि शिल्लक मालातला फरक जुळला नाही, तर कुठंतरी बेरीज चुकली आहे.

भाव सतत चढत असताना हे असंच होणार. फिफोत विक्रीच्या समोर जुना, स्वस्त खर्च येतो, म्हणून नफा मोठा दिसतो. शिल्लक मात्र ताज्या, महाग भावाची राहते. सरासरीत महाग डब्यांचा थोडा भार विकलेल्या मालावरही पडतो, म्हणून नफा लहान दिसतो आणि शिल्लकही लहान.

तुम्ही म्हणाल, मग खरा नफा कोणता? मागच्या वेळी एका काकूंनी हेच विचारलं होतं, “ताई, दोन्हीतला एक खोटा असेल ना?” नाही काकू. नोव्हेंबरमध्ये ते उरलेले 15 डबे 2,450 नी विकले असं धरा. 36,750 आले. फिफोवाल्या वहीत या डब्यांचा खर्च 33,300 होता, नफा 3,450. सरासरीवाल्या वहीत खर्च 29,700, नफा 7,050. आता दोन्ही वह्यांत दिवाळीआधीचा आणि नंतरचा नफा मिळवा. 8,250 आणि 3,450 म्हणजे 11,700. 4,650 आणि 7,050 म्हणजेही 11,700. माल सगळा संपला की दोन्ही वह्या एकाच जागी येतात. पद्धतीनं नफा वाढत नाही, कमी होत नाही, फक्त आधी दिसतो की नंतर दिसतो हे बदलतं.

मग एवढी डोकेफोड कशासाठी? कारण आपण वाटप मधेच करतो. दिवाळीला. आणि तेव्हा माल उरलेला असतो.

आपल्या 15 जणींच्या गटात फिफोच्या नफ्यावर वाटप केलं तर प्रत्येकीला 550 रुपये. सरासरीच्या नफ्यावर केलं तर 310. आता समजा त्यातली एक जण दिवाळीनंतर गट सोडते. लग्न होऊन जाते म्हणा, नाहीतर कामासाठी कुटुंब पुण्याला जातं. फिफोची वही असेल तर ती 550 घेऊन जाईल, सरासरीची असेल तर 310. उरलेला नफा नोव्हेंबरच्या विक्रीतून मागं राहिलेल्यांच्या वाट्याला येईल. म्हणजे हिशोबाची पद्धत निवडणं हे कोणाच्या पदरात किती पडणार हे ठरवणंही आहे. म्हणून वाटपाच्या दिवशी, शिल्लक समोर ठेवून, “कोणती पद्धत लावू या?” असं विचारायचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं, ठराव लिहायचा, आणि मग दरवर्षी तीच ठेवायची. यंदा नफा मोठा दिसावा म्हणून फिफो, पुढच्या वर्षी सरासरी, असं केलं तर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळवूनच बघता येत नाहीत. कर्जाची फाईल घेऊन बसलेला बँकेचा माणूसही ते विचारेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. पुस्तकात या धड्यात फिफोनं नफा जास्त इतकंच लिहिलेलं असतं. आपल्या गटाला त्यापुढचं कळायला हवं.

45 डबे विकून 93,750 आले. ते 45 डबे परत भरायचे ठरवले, 2,280 नी, तर किती लागतील? 1,02,600. आपल्याकडे आहेत 93,750. म्हणजे एकीलाही एक रुपया वाटला नाही, तरी या पैशात 41 च डबे येतात. आता फिफोचा नफा 8,250 वाटून टाका. हातात 85,500 राहिले, त्यात 37 डबे येतात. सरासरीचा 4,650 वाटला तर 89,100 राहिले, त्यात 39. वहीत नफा आहे, हातात वाटप आलं, आणि खोलीतले डबे मात्र कमी होत चाललेत. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याच्या कणगीतून काढून खाल्लं तर पेरणीला कमी पडतं, तसंच हे.

हे का झालं? 1,800 चा डबा 1,950 ला विकला तेव्हा 150 रुपये सुटले असं वाटलं. पण त्याची जागा भरायला पुढचा डबा 2,100 चा आला. त्या 150 मधलं काहीच खरं सुटलेलं नव्हतं, उलट 150 अंगावर आले होते. फिफो हे झाकतो, कारण तो जुना खर्च समोर ठेवतो. सरासरी थोडं दाखवते, पण पूर्ण तीही दाखवत नाही. म्हणून चढत्या भावात सरासरी घेतली म्हणजे आपण वाचलो, असंही समजू नका. वाटप करण्याआधी तिसरा हिशोब वेगळा करायचा: विकला तेवढा माल आजच्या भावानं परत भरायला किती लागतील? तेवढे पैसे बाजूला ठेवून जे उरेल तेच वाटायला मोकळं. आपल्या गटात तर तसं काही उरतच नाही. वाटायचंच असेल तर सगळ्यांनी मान्य करून, पुढच्या वेळी डबे कमी येतील हे समजून वाटा. हे ठरावात लिहून ठेवा.

विक्रीचा भाव ठरवतानाही हेच. 2024 ला सरकारनं शुल्क वाढवलं तेव्हा तीनच दिवसांत तेल कंपन्यांच्या संघटनांना सांगितलं होतं, की जुन्या कमी शुल्कानं आलेला साठा आहे तोवर कमाल किरकोळ किंमत वाढवू नका. असा सुमारे 30 लाख टन साठा देशात होता, म्हणजे 45 ते 50 दिवस पुरेल इतका. सरकारचं म्हणणं ‘आधी आलं ते आधी गेलं’ याच तत्त्वाचं होतं: जुना माल जुन्या भावानं पडलाय, तर जुन्याच भावानं विका. गिऱ्हाइकाच्या बाजूनं ते बरोबर आहे. आपल्या गटात तर गिऱ्हाईक आणि मालकीण एकच. सभासदाला जुन्या भावानं द्यायचं की नव्या, यावर वाद होतोच, आणि दोन्ही बाजूंना तथ्य असतं. माझं मत विचाराल तर सभासदांना ठरलेल्या डब्यांपुरतं जुन्या भावानं द्यावं, आणि बाहेरच्या विक्रीत भाव बाजाराबरोबर चढवावा. पण ते गटानं ठरवावं.

कोणती पद्धत कुणाला सोयीची, हे मालावर बघा. तेलाचे बंद डबे, गुऱ्हाळातून आणलेल्या गुळाच्या ढेपा, पेंडीची पोती, असा माल वेगळा मोजता येतो. तारीख टाकून रांग लावता येते. तिथं फिफो सोपं जातं. मिरची एकाच कोठीत ओतली, डंकावर कांडून एकत्र केली, तर कुठली मिरची कुठल्या बिलाची हे देवालाही सांगता येणार नाही. तिथं सरासरी बरी. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखामानक 2 मध्ये अशा मालासाठी या दोन्ही पद्धती मान्य आहेत. ‘शेवटी आलं ते आधी गेलं’ अशी उलटी पद्धतही जगात आहे, अमेरिकेत अजून चालते, आपल्याकडे त्या मानकात तिला जागा नाही. ती विसरून जा.

आणि एक गैरसमज. सरासरी लावली म्हणजे कोणताही डबा आधी विकला तरी चालतो, असं नाही. वहीत काहीही लिहा, खोलीत मात्र जुना डबाच आधी बाहेर काढायचा. तेलाला, पिठाला, मसाल्याला वास लागतो, तो वही बघून लागत नाही.

सरासरी दोन तऱ्हांनी काढता येते, हेही सांगून ठेवते, कारण दोन लेखापाल तायांचा आकडा वेगळा आला की भांडण होतं. मी वर सगळी खरेदी शेवटी एकत्र करून भागली. दुसरी तऱ्हा म्हणजे प्रत्येक खरेदीनंतर नवी सरासरी काढायची. 20 सप्टेंबरच्या आधी 25 डबे गेले, 1,800 चे 5 उरले. त्यात 2,100 चे 20 आले. 51,000 चे 25 डबे, सरासरी 2,040. त्यातले 5 विकले, 20 उरले. मग 2,280 चे 10 आले. 63,600 चे 30 डबे, सरासरी 2,120. त्यातले 15 विकले आणि 15 उरले, 31,800 चे. या तऱ्हेनं नफा येतो 6,750. तो फिफो आणि आधीच्या सरासरीच्या मधे पडतो. दोन्ही तऱ्हा चालतात. ज्या ताईची स्टॉकची वही रोजच्या रोज लिहून होते तिनं दुसरी घ्यावी, ज्यांचं महिन्यानं बसून होतं त्यांनी पहिली. ठरावात मात्र कोणती ते लिहा.

डब्याची किंमत म्हणजे फक्त बिल नाही. दौंडहून किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातून टेंपोनं माल आणला तर भाडं आणि हमाली त्यातच मिळवायची. 30 डब्यांना 600 रुपये भाडं पडलं तर 1,800 चा डबा 1,820 चा झाला. आणि शिल्लक माल कधीही विक्रीच्या भावानं लिहायचा नाही. 2,450 नं विकू म्हणून 15 डबे 36,750 चे लिहिले, तर जे गिऱ्हाईक अजून आलंच नाही त्याच्याकडून नफा घेतल्यासारखं होतं.

भाव उतरला तर? उतरतोही. 2025 च्या मे महिन्याच्या शेवटी सरकारनं कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं होतं. उतरत्या भावात सगळं उलटं होतं. फिफोत महाग डबे आधी गेले असं धरलं जातं, म्हणून नफा लहान दिसतो. आणि नियम असा, की खरेदीची किंमत आणि विकून हातात येईल ती किंमत यांतली कमी असेल ती लिहायची. आपले 15 डबे आता 2,050 पेक्षा जास्तीला जाणार नाहीत असं कळलं, तर ते झाले 30,750. फिफोच्या वहीत 33,300 लिहिलेत, ते खाली आणून 30,750 करावे लागतील, आणि 2,550 चा तोटा त्याच वर्षी धरावा लागेल. सरासरीच्या वहीत 29,700 आहेत, ते कमीच आहेत, हात लावायची गरज नाही. चढ्या भावात फिफोची शिल्लक फुगलेली असते, म्हणून भाव पडला की धक्का तिलाच आधी बसतो.

पुढच्या बैठकीला येताना स्टॉकची वही आणि मागच्या तीन खरेदीची बिलं आणा, टेंपोच्या पावत्यांसकट. येण्याआधी दोघीजणींनी मिळून खोलीतला माल प्रत्यक्ष मोजा, मोजलेला आकडा आणि तारीख वहीत लिहा आणि खाली दोघींची सही करा. आपण तुमच्याच आकड्यांवर दोन्ही पद्धती लावून बघू. कॅलक्युलेटर मी आणते.